घरगुती बेकरीची जाहिरात: महिन्याचे तीन हजार गूगलला द्यावेत की इन्स्टाग्रामला?

इन्स्टाग्रामवर केकचा फोटो टाकला की त्याच्याखाली लगेच `Boost post` असं बटण दिसतं. गूगलचा मेल येतो, साठ दिवसांत अमुक रक्कम जाहिरातीवर खर्च करा, तेवढंच क्रेडिट आम्ही देऊ. घरच्या ओव्हनवर केक करून विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला ही दोन आमंत्रणं येतात, आणि हातात असतात महिन्याला दोन-तीन हजार रुपये. ते कुठे घालावेत हे कोणी नीट सांगत नाही. गूगलच्या जाहिराती लावून देणारा गूगलच म्हणतो आणि रील्स बनवून देणारा इन्स्टाग्रामच म्हणतो.

माझं मत आधीच सांगते. बहुतेक घरगुती बेकऱ्यांनी एवढ्याशा पैशात आधी इन्स्टाग्राम-फेसबुककडे जावं. मात्र तुमच्या केकचं वैशिष्ट्य फोटोत दिसणारं नसेल, तर गूगल. असं का, ते समजायला थोडं मुळापासून जावं लागेल.

## दोन्हींत नेमका फरक काय

मंडईत एक बाई "मेथी आहे का, मेथी?" असं विचारत फिरते आहे. तिला काय हवं ते तिला माहीत आहे, फक्त कोणाकडे आहे ते माहीत नाही. दुसरी बाई नुसती घरी चालली आहे, पण वाटेत ताजी, हिरवीगार मेथीची जुडी दिसली आणि थांबली. पहिलीला गाठते ती सर्च जाहिरात. गूगलवर कोणी काही शोधलं की निकालांच्या वर किंवा खाली 'प्रायोजित' असं लिहून येते ती ही. दुसरीला थांबवते ती सोशल मीडियावरची जाहिरात, म्हणजे फोटो आणि रील्स बघता बघता मध्येच येणारी.

पैसे आकारायची रीतही वेगळी आहे. सर्चमध्ये साधारणपणे कोणी जाहिरातीवर बोट ठेवलं तरच पैसे जातात. या बोट ठेवण्याला क्लिक म्हणतात. सोशलवर बहुतेक वेळा जाहिरात किती वेळा दाखवली त्यावर पैसे जातात, मग कोणी काही करो वा न करो. दोन्हीकडे दर ठरलेला नसतो. प्रत्येक वेळी लिलाव होतो आणि त्या जागेसाठी आणखी कोण बोली लावतंय यावर भाव ठरतो. नुसती मोठी बोली पुरत नाही, शोधणाऱ्याला किंवा बघणाऱ्याला जाहिरात कितपत उपयोगी वाटेल याचा अंदाजही त्यात धरला जातो.

## आधी केकचा हिशोब

प्लॅटफॉर्म कोणता, हा खरं तर दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की एका ऑर्डरमागे जाहिरातीला किती रुपये देणं तुम्हाला परवडतं? हा आकडा ज्यांनी काढलेला नसतो, त्यांचे पैसे दोन्हीकडे वाया जातात.

नाशिकच्या गंगापूर रोडवर घरून केक करणारी एक ताई डोळ्यांसमोर आणू. आकडे मी समजण्यासाठी धरते आहे, तुम्ही तुमचे घाला. तिचा अर्ध्या किलोचा साधा केक ५०० रुपयांचा. सामान २०० रुपयांचं, खोका, बोर्ड, मेणबत्ती, सुरी मिळून ४०, वीज १०. दीड तास हात गुंततात, आणि तासाला १०० रुपये हा तिचा स्वतःचा मेहनताना धरला तर १५०. एकूण खर्च ४००, उरले १००.

मेहनताना धरला नाही तर उरलेली रक्कम अडीचशे दिसते, आणि इथेच घोटाळा होतो. तो दीड तास फुकटचा नाही. जाहिरातीने ऑर्डरी वाढल्या तर हेच तास आधी संपणार आहेत.

आता तिचाच दीड किलोचा थीम केक बघा. किंमत २,२०० रुपये. सामान ७००, खोका-बोर्ड-टॉपर २००, वीज ६०, पाच तासांचे ५००. एकूण १,४६०, उरले ७४०.

जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खिशातून ३,००० गेले तर त्यातले सुमारे २,५४२ रुपयेच जाहिरातीला मिळतात. जीएसटी नोंदणी नसेल तर हा कर वळताही होत नाही. म्हणून गूगलवर क्लिक १५ रुपयांना पडतो असं धरलं, तर तो खरा १७ रुपये ७० पैशांना पडतो. साध्या केकच्या १०० रुपयांत असे पाचच क्लिक बसतात, म्हणजे दर पाच जणांत एकाने तरी ऑर्डर द्यायलाच हवी. असं क्वचितच घडतं. थीम केकच्या ७४० रुपयांत एकेचाळीस क्लिक बसतात. एकेचाळिसांत एक ऑर्डर मिळणं शक्य कोटीतलं आहे.

सोशलवरही तेच. जाहिरात पाहून कोणीतरी व्हॉट्सअॅपवर विचारणा करायला करासकट ३५ रुपये पडले, तर साध्या केकसाठी दर तीन विचारणांत जवळपास एक ऑर्डर लागेल, थीम केकसाठी एकवीस विचारणांत एक चालेल.

म्हणून जाहिरात कुठेही करा, ती मोठ्या केकची करा. साधा केक ओळखीतून, शेजारातून आणि जुन्या गिऱ्हाइकांकडून विकला जातो. पैसे देऊन आणलेलं गिऱ्हाईक त्याला पेलत नाही.

## शोधणारं गिऱ्हाईक पक्कं असतं, मग गूगलच का नको?

हा आक्षेप सगळ्यात रास्त आहे. जो शोधतोय त्याला केक हवाच आहे. पण तो कधी हवा आहे, तेही बघायला हवं.

'केक नियर मी' असं शोधणाऱ्यांत पुष्कळ जणांना तो आजच, बहुधा दोन तासांत हवा असतो. घरगुती बेकरीला मात्र आदल्या दिवशी तरी कळायला हवं, थीम केक असेल तर चार-पाच दिवस आधी. म्हणजे ज्या घाईसाठी तो गूगलवर आला, ती घाई तुम्ही भागवू शकत नाही. तो क्लिक करतो, "आज मिळेल का?" विचारतो, नाही म्हटल्यावर जातो. पैसे तुमचे गेलेले असतात.

शिवाय त्या शब्दांच्या लिलावात झोमॅटो, स्विगी आणि शहराशहरांत केक पोचवणाऱ्या मोठ्या वेबसाइट असतात. एका क्लिकमागे त्या जास्त देऊ शकतात, कारण एकदा आलेलं गिऱ्हाईक त्यांच्याकडे फुलं, भेटवस्तू, जेवण असं काय काय घेत राहतं. तुमच्याकडे फक्त केक आहे.

आणखी एक अडचण उलट्या बाजूची. घाईच्या आणि मोठ्यांच्या शब्दांपासून लांब जावं म्हणून कोणी 'थीम केक गंगापूर रोड' असा अगदी नेमका शब्द निवडला, तर तो शोधणारेच इतके थोडे असतात, की गूगल त्या शब्दापुढे `Low search volume` असं लिहितं आणि जाहिरात दाखवतच नाही. पुण्या-मुंबईत हा प्रश्न कमी येतो, लहान शहरांत हमखास येतो.

## गूगलवर फुकट मिळणारी जागा आधी घ्या

जाहिरातीला एक रुपया देण्याआधी गूगल बिझनेस प्रोफाइल बनवा. नकाशावर दुकानाचं नाव, फोटो, तारे आणि फोन नंबर दिसतो, तीच ही गोष्ट, आणि ती फुकट आहे. घरून व्यवसाय असल्यामुळे बऱ्याच जणी कचरतात, कारण घराचा पत्ता जगाला दाखवायचा नसतो. तसा दाखवायची गरज नाही. 'आम्ही अमुक भागात सेवा देतो' अशी नोंद करून पत्ता लपवता येतो. पडताळणीसाठी गूगल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं, त्यात ओव्हन, साहित्य, खोक्यांवरचं नाव दाखवावं लागतं.

नकाशात कोण वर येणार हे तीन गोष्टींवर ठरतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा किती संबंध, तुम्ही किती जवळ, आणि तुमची ओळख किती पसरलेली. शेवटच्या गोष्टीत गिऱ्हाइकांचे अभिप्राय मोजले जातात. केक पोचल्यावर दुसऱ्या दिवशी अभिप्रायाची लिंक पाठवायची सवय लावा. "छान केक" एवढ्यापेक्षा "मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा एगलेस केक, इंदिरानगरला पोचवला" असं कोणी लिहिलं, तर पुढच्या वाचणारीला नेमकं काय मिळतं ते कळतं. एक मात्र करू नका. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणं गूगलच्या नियमांत बसत नाही.

एवढं केलं की शोधणाऱ्यांपैकी काही जण पैसे न देताच तुमच्यापर्यंत पोचू लागतात, आणि ते तीन हजार दुसऱ्या कामाला मोकळे राहतात.

## फोटोत न दिसणारी गरज

मग सर्च जाहिरात कधी घ्यावी? जेव्हा गिऱ्हाइकाची गरज फोटो पाहून कळणारी नसते तेव्हा.

युनिकॉर्नचा तीनमजली केक फोटोत स्वतःच बोलतो. पण नाचणीचा केक, साखरेविना केक, जैन घरात चालेल असा केक, हे दिसायला इतर केकसारखेच. इन्स्टाग्रामवर स्क्रोल करणाऱ्या हजार जणांत मधुमेही वडिलांसाठी केक हवा असलेले दोन-चारच असतील, आणि ते कोण, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. ते स्वतः मात्र गूगलवर नेमके हेच शब्द टाकतात. त्यांना घाईही कमी असते, कारण असा केक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही हे त्यांना माहीत असतं. मोठ्या केक-साइटही या शब्दांवर तितक्या जोराने बोली लावत नाहीत. ऑफिसांसाठी दिवाळीचे हॅम्पर, शाळेसाठी शंभर कपकेक अशा घाऊक ऑर्डरींचंही तसंच.

इथे एक काळजीची गोष्ट सांगायलाच हवी. त्याच ओट्यावर मैदा वापरत असाल तर 'ग्लुटेन-फ्री' ही जाहिरात करू नका. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे असं म्हणायला ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत लागतं, आणि हवेत उडणारा मैदा ते राहू देत नाही. सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार असलेल्या मुलाला त्याचा खरा त्रास होतो.

जाहिरात लावताना शब्द अवतरणात किंवा चौकटी कंसात टाका. अवतरणात टाकला तर त्या अर्थाचा शोध असेल तेव्हाच जाहिरात दिसते, चौकटी कंसात त्याहून काटेकोर. नुसता मोकळा शब्द टाकला तर गूगल त्याचा अर्थ फार सैल लावतं.

```
"sugar free cake nashik"
[ragi cake nashik]
"jain cake order"
```

ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये त्यांचीही यादी देता येते, आणि केकच्या धंद्यात ती फार महत्त्वाची. 'शुगर फ्री केक' शोधणाऱ्यांतले कितीतरी जण तो विकत घ्यायला नाही, घरी करायला बघत असतात.

```
recipe
class
course
job
mould
same day
midnight
```

दोन सेटिंग मुद्दाम तपासा. एक, जाहिरात बनवताना डिस्प्ले नेटवर्कची खूण काढून टाका, नाहीतर आधीच थोडे असलेले पैसे गेममधल्या आणि बातम्यांच्या साइटवरच्या पट्ट्यांत विरघळतात. दुसरं, ठिकाणाच्या पर्यायात आधीपासून निवडलेलं असतं ते 'या भागात असलेले किंवा या भागात रस दाखवलेले' असं. ते बदलून `Presence` करा. एक अपवाद आहे. आईवडील नाशकात आणि मुलं पुण्यात किंवा अमेरिकेत, अशी घरं आपल्याकडे भरपूर आहेत आणि लांबून केक मागवणारा हा वर्ग चांगले पैसे देतो. तुमच्याकडे असे फोन येत असतील तर जुनं सेटिंग राहू द्या.

दिवसाचं बजेट ८० रुपये ठेवलं तर एखाद्या दिवशी १६० गेलेले दिसतील. घाबरू नका. गूगल एका दिवशी दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, पण महिन्याचा आकडा ८० गुणिले ३०.४, म्हणजे २,४३२ च्या पुढे जात नाही. त्यावर कर.

क्लिक केलेला माणूस कुठे जाणार, हेही आधी ठरवा. बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणारी फुकट वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. त्यामुळे स्वतःचं एक साधं पान लागतं, ज्यावर फोटो, किंमत, किती दिवस आधी सांगायचं, आणि व्हॉट्सअॅपचं बटण असेल.

## इन्स्टाग्रामवर लाइक येतात, ऑर्डर येत नाहीत

हे गाऱ्हाणं खरं आहे, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा ते `Boost post` चं सोपं बटणच असतं. जाहिरात करताना तुम्ही मेटाला, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकच्या कंपनीला, एक उद्दिष्ट सांगता आणि ते अगदी प्रामाणिकपणे तेवढंच शोधून आणतं. उद्दिष्ट 'प्रोफाइलला भेट' असं राहिलं, तर सहज डोकावून जाणारी माणसं मिळतात. व्हॉट्सअॅपवर संभाषण हे उद्दिष्ट सांगितलं, तर संदेश पाठवायची सवय असलेली माणसं मिळतात. केकसाठी हेच निवडा.

परिसर नकाशावर खूण करून ठरवा. गंगापूर रोडवरून सिन्नरला केक पोचवणं परवडत नसेल तर सिन्नरच्या माणसाला जाहिरात दाखवूच नका. चार-पाच किलोमीटरचा घेर पुरे. वय, आवडीनिवडी यांत फार चाळण लावत बसू नका, इतक्या लहान घेरात माणसं आधीच मोजकी असतात.

जाहिरात एकच ठेवा, त्यात दोन वेगळे फोटो किंवा रील. मेटाला कोणाला दाखवायचं हे शिकायला आठवड्याला साधारण ५० विचारणा लागतात. दिवसाच्या ८० रुपयांत तेवढ्या येत नाहीत, त्यामुळे `Learning limited` असं दिसत राहील. ते चालेल. पण त्याच पैशांचे चार तुकडे केले, तर चारही जाहिराती काही न शिकताच संपतात.

जाहिरातीत किंमत लिहा. "किमतीसाठी मेसेज करा" असं लिहिलं की विचारणा भरपूर येतात आणि त्यांतल्या बहुतेक "हाऊ मच?" वर थांबतात. प्रत्येक विचारणेला पैसे मोजले आहेत, शिवाय उत्तर देण्यात संध्याकाळ जाते. "दीड किलोचा थीम केक २,२०० पासून, एगलेस, ५ दिवस आधी सांगा, कॉलेज रोड-गंगापूर रोड परिसरात घरपोच" असं लिहिलं तर कमी माणसं विचारतील, पण ती घेणारी असतील.

आणि पाच दिवसांची अट इथे आड येत नाही, हेच सोशलचं बलस्थान. आज संध्याकाळचा केक शोधायला कोणी इन्स्टाग्राम उघडत नाही. पुढच्या आठवड्यात मुलाचा वाढदिवस आहे हे जिच्या मनात आहे, ती डायनासोरचा केक पाहून थांबते. तिच्याकडे वेळ आहे, तुमच्याकडेही.

## दोन्हीकडे अर्धे-अर्धे टाकले तर?

समतोल वाटतो खरा, पण इतक्या पैशांत ते टाळा. प्रत्येकाकडे करासकट दीड हजार, म्हणजे महिनाअखेर एकीकडून तीन ऑर्डर, दुसरीकडून दोन. यावरून काहीच कळत नाही, पुढच्या महिन्यात हे आकडे सहज उलटे होतील. एकाच ठिकाणी दोन महिने सलग पैसे घाला, मग निर्णय घ्या.

## चाललंय की नाही, कसं ओळखायचं

जाहिरातीच्या अॅपमधले आकडे क्लिक आणि विचारणा सांगतात, केक विकला गेला का ते सांगत नाहीत. त्यासाठी वही लागते. विचारणा कुठून आली, ऑर्डर झाली का, किती रुपयांची, आणि कोणाचा वाढदिवस कोणत्या तारखेला, एवढं लिहा. व्हॉट्सअॅपवर इन्स्टाग्रामच्या जाहिरातीतून आलेल्या संदेशावर ती जाहिरातच चिकटलेली दिसते. गूगलवरून येणाऱ्यांसाठी बटणात आधीच लिहिलेला वेगळा संदेश ठेवा, म्हणजे विचारावं लागत नाही. गूगलवर दर आठवड्याला `Search terms` हा अहवालही उघडा. लोकांनी खरोखर काय टाईप केलं ते त्यात दिसतं, आणि नको असलेले शब्द लगेच यादीत घालता येतात.

मग खर्च भागिले ऑर्डर. आपल्या ताईने इन्स्टाग्रामवर दोन महिन्यांत ६,००० घातले आणि दहा थीम केक गेले, तर एका ऑर्डरला ६०० पडले. तिच्याकडे ७४० होते. प्रत्येक केकमागे १४० उरले, मेहनताना वेगळा मिळालाच. पाचच केक गेले असते तर १,२०० पडले असते, म्हणजे ती पदरचे घालत होती. तेव्हा आधी विचारणा तपासायच्या. विचारणा भरपूर आणि ऑर्डर थोड्या असतील तर किंमत, उत्तर द्यायला लागणारा वेळ किंवा पोचवण्याचा परिसर यांत गडबड आहे. विचारणाच थोड्या असतील तर फोटो बदलायचा. दोन्ही करून झालं तरी आकडा ७४० च्या खाली येत नसेल तर जाहिरात थांबवायची.

पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक परत येईल, म्हणून आज तोटा चालेल, असं बरेच जण सांगतात. येऊही शकतं, पण आपोआप नाही. वहीतल्या तारखेच्या दहा दिवस आधी तुम्ही "यंदा कुठला केक करायचा?" असा संदेश पाठवला तर येतं, आणि त्या ऑर्डरीला जाहिरातीचा खर्च शून्य. पहिल्या वर्षी किती जण परततात ते वहीत दिसू द्या, मगच तो फायदा हिशोबात धरा.

ओव्हन भरला की जाहिरात थांबवायला विसरू नका. घरच्या ओटीजीत दिवसाला दोन मोठे केक होत असतील आणि शनिवार-रविवार भरलेले असतील, तर त्या आठवड्यात येणारी प्रत्येक विचारणा नाही म्हणण्यासाठी विकत घेतलेली असते. दिवाळी आणि नाताळच्या आसपास मोठे ब्रँडही बोली वाढवतात, त्यामुळे दोन्हीकडे भाव चढतो. नाताळच्या प्लम केकची जाहिरात नोव्हेंबरच्या शेवटी लावा, आगाऊ पैसे घेऊन ऑर्डर नोंदवा, आणि २० डिसेंबरला ती बंद करून केक भाजायला लागा.